डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय? पंचगंगेच्या पाण्यावरून समजून घ्या

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण २०१९ चा महापूर पाहिलेला माणूस लगेच दुसरा प्रश्न विचारतो: पाणी कितीनं वाढतंय? हा दुसरा प्रश्न म्हणजेच डेरिव्हेटिव्ह. मराठीत त्याला अवकलज म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे जावेत म्हणून मनाचेच घेतलेत. समजा, सकाळी ६ वाजता पाणी ३६ फुटांवर आहे. त्यानंतर जितके तास जातील, त्यांच्या वर्गाइतके इंच पाणी वाढतं. १ तासात १ इंच, २ तासांत ४ इंच, ३ तासांत ९ इंच. म्हणजे ९ वाजता पाणी ३६ फूट ९ इंच.

तीन तासांत ९ इंच, म्हणजे सरासरी तासाला ३ इंच. या हिशेबानं इशारा पातळीला उरलेले २७ इंच चढायला ९ तास लागतील. संध्याकाळी ६ पर्यंत निवांत!

पण ही सरासरी झाली, त्यात पहाटेची संथ वाढही धरलीय. बरोबर ९ वाजताचा वेग किती? त्यासाठी ९ च्या पुढचा वेळ लहान लहान करत जायचं. ९ ते १० मध्ये पाणी ७ इंच वाढतं. ९ ते साडेनऊमध्ये सव्वातीन इंच, म्हणजे तासाला साडेसहा इंचाचा वेग. पहिल्या सहाच मिनिटांत ०.६१ इंच, म्हणजे वेग ६.१. वेळ आणखी कमी केला की उत्तर ६ च्या जवळ जवळ सरकतं. हे ६ म्हणजे ९ वाजताचा डेरिव्हेटिव्ह. (अकरावी-बारावीत तासांच्या वर्गाचा डेरिव्हेटिव्ह ‘तासांची दुप्पट’ असा शिकवतात. ३ ची दुप्पट ६, तेच हे.)

तासाला ६ इंच धरले तर २७ इंचांना साडेचार तास, म्हणजे दुपारी दीड. प्रत्यक्षात पाणी १२ वाजताच ३९ फुटांवर पोचतं, कारण वेग स्वतःही वाढतोय. डेरिव्हेटिव्ह त्या क्षणाचा वेग सांगतो, पुढचा नाही. तरी सहा तासांची चूक दीड तासावर आली.

खऱ्या नदीवर मात्र वेळ फार लहान करून चालत नाही. लाटेमुळे पट्टीवरचा आकडा एका इंचानं चुकला, तर सहा मिनिटांच्या हिशेबात तासाला १० इंचांचा खोटा वेग दिसेल. त्यामुळे तासा-दोन तासांच्या नोंदी धरणं बरं.

आणि पाणी सगळ्यात वर असतं तेव्हा? वाढ थांबलेली असते, उतार अजून सुरू व्हायचा असतो. पातळी सर्वाधिक, पण डेरिव्हेटिव्ह शून्य. ओसरायला लागलं की तो उणे होतो. म्हणजे ४५ फुटांवरून उतरणारं पाणी उणे, आणि ३६ फुटांवरून चढणारं अधिक.