खाद्ययोग्य प्लास्टिक ड्रम

अन्न व पिण्याचे पाणी ठेवण्यासाठी बनवलेला ड्रम. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत धान, वाळलेली मोहफुले आणि पाणी यांसाठी जुने निळे ड्रमही वापरले जातात. खाद्ययोग्य आणि साधा, दोन्ही ड्रम बहुधा एचडीपीईचेच असतात. फरक रंगद्रव्यांत, पुनर्वापरित मालात आणि आधी भरलेल्या पदार्थात असतो. तळाच्या त्रिकोणातील २ हा आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. अन्नयोग्यता पेला-काट्याचे चिन्ह दर्शवते. तेही आधी रसायन भरलेल्या ड्रमला लागू नाही. प्लास्टिकमध्ये मुरलेले कीटकनाशक धुऊन पूर्ण निघत नाही. अशा ड्रममध्ये मोहफुले आंबवल्यास आंबवणातील अल्कोहोलमुळे ते त्यात अधिक उतरू शकते. झाकलेला ड्रम उन्हात तापवून उघडल्यावर वास आल्यास तो अन्नपाण्यासाठी वापरू नये. वास नसला, तरी पूर्वीचा माल ठाऊक नसलेला ड्रम टाळावा.