ताळा जुळला, पण उत्तर बरोबर आहे का?

शाळेत एकसामायिक समीकरणं सोडवून झाली की बाई एक गोष्ट हमखास सांगायच्या: "आता ताळा करून बघा." आलेल्या x आणि y च्या किमती मूळ समीकरणांत घालायच्या, डावी बाजू उजवीशी जुळली की उत्तराखाली रेघ मारायची आणि वही मिटायची. तुम्हीही हेच केलं असेल. मी तर पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत याच भरवशावर होते. एकदा कोड चालवला, ताळा सुरेख जुळला आणि मी आनंदाने गाइडला निकाल दाखवायला गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुझ्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर किती आहे?" मला सांगता आलं नाही, आणि पुढचा आठवडा मी ते उत्तर दुरुस्त करण्यात घालवला.

हा प्रश्न कुठून आला, त्याची गोष्ट आज सांगते. त्यासाठी आपल्याला १९४६ सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागेल, लंडनजवळच्या टेडिंग्टनला, नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत.

तिथल्या गणित विभागात एके दिवशी १८ समीकरणांचा एक संच सोडवायला आला. अज्ञातंही १८. आज हे काम तुमचा फोन डोळ्याचं पातं लवायच्या आत करेल. तेव्हा हाताशी होती ती टेबलावरची गणनयंत्रं. प्रत्येक गुणाकार माणसाने करायचा, दहा दशांश स्थळांपर्यंत लिहून घ्यायचा, पुढचे आकडे सोडून द्यायचे. हे सोडून देणं, म्हणजेच राउंडिंग, हीच चिंतेची बाब होती. एका राउंडिंगची चूक नगण्य असते, पण अशा हजारो चुका एकमेकींवर रचल्या गेल्या तर शेवटी काय उरेल?

यावर त्या काळी बऱ्याच जणांचं मत निराशेचं होतं. १९४३ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी एक विश्लेषण मांडलं होतं. एकेक अज्ञात काढून टाकत जाण्याच्या पद्धतीत चूक दर टप्प्याला चौपट होऊ शकते, असं त्यातून निघत होतं. १८ अज्ञातांसाठी १७ टप्पे, म्हणजे ४ चा १७ वा घात, साधारण १७ अब्ज पट. दहा आकडे घेऊन निघालात तर घरी परतताना हातात एकही खरा आकडा नाही!

कामाला चौघे बसले: लेस्ली फॉक्स, गुडविन, नुकताच रुजू झालेला जेम्स विल्किन्सन आणि ॲलन ट्युरिंग. हो, तोच ट्युरिंग. विल्किन्सनने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे ट्युरिंगला फारसा उत्साह नव्हता. एक तर ही यंत्रं चालवण्यात त्याचा हात बसलेला नव्हता, आणि दुसरं म्हणजे हे काम फसणार याची त्याला खात्री होती.

ते फसलं नाही. अज्ञातं काढता काढता शेवटच्या समीकरणातला सहगुणक दहा हजारांशाइतका बारीक उरला. मूळ सहगुणक एकच्या आसपासचे होते, म्हणजे जवळपास चार आकडे वाटेत खर्ची पडले होते. तरीही ताळा केला तेव्हा फरक दहाव्या दशांश स्थळावर निघाला. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. ताळ्यातला तो फरक जास्त आकडे ठेवून मोजला, तोच उजव्या बाजूला घेऊन समीकरणं पुन्हा सोडवली, आणि उत्तरात किती दुरुस्ती करावी लागते ते पाहिलं. त्यावरून कळलं, की पहिल्या उत्तराचे जवळपास सहा आकडे बरोबर होते.

इथे जरा थांबा, कारण यात दोन कोडी आहेत. हॉटेलिंगच्या हिशेबाने शून्य आकडे उरायला हवे होते, उरले सहा. आणि ताळा दहा आकड्यांपर्यंत जुळला होता, मग बरोबर फक्त सहाच का?

दुसरं कोडं आधी घेऊ. ट्युरिंग या अनुभवानंतर नव्याने विचार करू लागला, आणि १९४८ मध्ये राउंडिंगच्या चुकांवरचा त्याचा निबंध छापून आला. त्यात त्याने दोन छोट्या जोड्या दिल्या आहेत. पहिली:

१.४x + ०.९y = २.७
-०.८x + १.७y = -१.२

आणि दुसरी:

-०.७८६x + १.७०९y = -१.१७३
-०.८००x + १.७००y = -१.२००

दुसरी जोडी पहिलीतूनच बनली आहे: पहिल्या समीकरणाचा शंभरावा भाग दुसऱ्यात मिसळला, की झालं. त्यामुळे दोन्ही जोड्यांचं खरं उत्तर एकच आहे: x सुमारे १.८२९ आणि y सुमारे ०.१५५.

आता समजा, तुमच्या मैत्रिणीने दुसरी जोडी सोडवली आणि x = १.९३९, y = ०.२०६ असं उत्तर आणलं. ताळा करा. पहिल्या समीकरणात -१.१७२ येतात, हवे होते -१.१७३. दुसऱ्यात -१.२०१ येतात, हवे होते -१.२००. फरक फक्त एक हजारांश! कोणीही म्हणेल, ठीक आहे, राउंडिंग झालं असेल. पण तिचा y खऱ्यापेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त आहे. हेच उत्तर पहिल्या जोडीत घाला: २.७ च्या जागी थेट २.९ येतात. तिथे चोरी लगेच पकडली जाते.

कागदावर या रेषा काढल्या तर कारण दिसतं. पहिल्या जोडीतल्या रेषा एकमेकींना चांगल्या मोठ्या कोनात छेदतात. दुसऱ्या जोडीतल्या जवळजवळ समांतर आहेत, त्यामुळे एक रेषा केसभर सरकली तरी छेदबिंदू लांब पळतो. अशा जोडीला ट्युरिंगने इल-कंडिशन्ड म्हटलं, आणि ही वाईट अवस्था एका संख्येत मोजता यावी म्हणून नाव दिलं: कंडिशन नंबर. फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांच्या १९४७ च्या निबंधातही अशाच प्रकारचं एक गुणोत्तर मध्यवर्ती होतं, पण हे नाव ट्युरिंगचं.

ही संख्या काढायच्या अनेक रीती आहेत. ट्युरिंगच्या रीती थोड्या वेगळ्या होत्या, मी आजची एक सोपी रीत घेते. मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीतले आकडे चिन्ह सोडून मिळवा आणि सर्वांत मोठी बेरीज घ्या. ही झाली मॅट्रिक्सची नॉर्म. तिच्या इन्व्हर्सचीही नॉर्म तशीच काढा आणि दोघींचा गुणाकार करा:

κ(A) = ‖A‖ · ‖A⁻¹‖

पहिल्या जोडीसाठी हे सुमारे २.१ येतं, दुसरीसाठी सुमारे २७५. स्वतः पाहायचं असेल तर:

```
import numpy as np
A = np.array([[-0.786, 1.709], [-0.800, 1.700]])
print(np.linalg.cond(A, np.inf))
```

हा गुणाकार काय सांगतो? उजव्या बाजूत Δb एवढा फरक पडला तर उत्तरातला फरक Δx = A⁻¹Δb, म्हणजे तो फार तर ‖A⁻¹‖ पट मोठा. उलट b = Ax, म्हणून ‖b‖ हे ‖A‖·‖x‖ पेक्षा मोठं असू शकत नाही. दोन्ही एकत्र ठेवलं की हे मिळतं:

‖Δx‖/‖x‖ ≤ κ(A) · ‖Δb‖/‖b‖

आपल्या मैत्रिणीच्या ताळ्यातला फरक होता १.२ मध्ये ०.००१, म्हणजे ०.०८३ टक्के. त्याला २७५ ने गुणलं तर २३ टक्के. ही मर्यादा आहे, भाकीत नाही: प्रत्यक्षात सर्वांत मोठी चूक ०.११ होती, १.८२९ च्या सुमारे ६ टक्के. मग y मधली ३३ टक्के चूक मर्यादेबाहेर कशी गेली? कारण हे सूत्र चूक उत्तराच्या सर्वांत मोठ्या घटकाच्या तुलनेत मोजतं. y मुळातच लहान आहे, त्याला एकट्याला या सूत्राने संरक्षण दिलेलं नाही. तुम्हाला नेमका लहान घटकच हवा असेल तर हे लक्षात ठेवा.

आता पहिलं कोडं: हॉटेलिंगचं भाकीत का चुकलं? याचं समाधानकारक उत्तर पुढच्या पंधराएक वर्षांत विल्किन्सनने दिलं. राउंडिंगची चूक पुढे कशी वाढत जाते हे मोजत बसण्याऐवजी त्याने उलट विचारलं: आलेलं उत्तर कोणत्या समीकरणांचं अगदी अचूक उत्तर आहे? त्याने दाखवलं, की अज्ञात काढताना प्रत्येक टप्प्याला योग्य मोठा सहगुणक निवडून त्याने भागलं, तर आलेलं उत्तर हे मूळ समीकरणांना अगदी चिकटून असलेल्या समीकरणांचं अचूक उत्तर असतं. जणू सहगुणकांच्या शेवटच्या आकड्यात किंचित खाडाखोड झाली आहे, एवढंच. म्हणूनच ताळा दहा आकड्यांपर्यंत जुळला. तो जुळणं हे पद्धतीचं प्रमाणपत्र होतं, उत्तराचं नव्हे. उत्तराची चूक म्हणजे ही खाडाखोड गुणिले कंडिशन नंबर. हा नंबर दहाच्या चौथ्या घाताच्या आसपास असेल तर दहा आकड्यांतून चार जातात आणि सहा उरतात. टेडिंग्टनला नेमकं हेच दिसलं होतं.

यातही एक अट आहे. मधल्या पायऱ्यांत आकडे फार फुगले तर ती खाडाखोड लहान राहत नाही. मुद्दाम रचलेल्या उदाहरणांत हे घडवता येतं, रोजच्या कामात क्वचितच घडतं. आणि एक गैरसमज काढून टाका: डिटर्मिनंट लहान म्हणजे मॅट्रिक्स वाईट, असं नाही. कर्णावर सगळीकडे ०.१ आणि बाकी शून्य असलेलं १० × १० चं मॅट्रिक्स घ्या. डिटर्मिनंट एक भागिले दहा अब्ज, पण कंडिशन नंबर १, म्हणजे याहून चांगलं असूच शकत नाही.

आजचा संगणक साधारण १६ आकडे घेऊन चालतो. कंडिशन नंबर दहाच्या आठव्या घाताएवढा असेल तर आठ आकड्यांवर विश्वास ठेवा, सोळाव्या घाताजवळ गेला तर एकावरही नाही. आणि तुमचा डेटा मुळात तीनच आकड्यांपर्यंत मोजलेला असेल, तर संगणकाच्या सोळा आकड्यांचा उपयोग नाही, वजाबाकी त्या तिनांतून होते. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

१९७० मध्ये विल्किन्सनला संगणकशास्त्राचा मोठा पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्याने १८ समीकरणांची ही आठवण सांगितली, आणि त्यात ट्युरिंगचा अंदाज हरला हेही सांगितलं. त्या पुरस्काराचं नाव: ट्युरिंग पुरस्कार.