भूखंडाची भूरूप-प्रतिकृती व मातीकामाचा अजमास

समोच्चरेषांवरून जमिनीच्या पृष्ठभागाची प्रतिकृती रचून, नियोजित सपाटीसाठी खोदाई किती व भराव किती लागेल याचा हिशेब करण्याची ही रीत होय. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर या रेषा सामान्यतः २० मीटरांच्या अंतराने असतात. सोलापूरच्या मंद उताराच्या माळावरील लहान भूखंडातून त्यांपैकी एकही बहुधा जात नाही, म्हणून लेव्हल लावून जागेवरच पातळ्या घेणे व पाव मीटर अंतराच्या रेषा आखणे भाग पडते.

रेषांवरील बिंदू त्रिकोणांनी जोडले म्हणजे प्रतिकृती सिद्ध होते. मात्र ज्या त्रिकोणाचे तिन्ही कोन एकाच रेषेवर पडतात तो आडवा होऊन प्रत्यक्षात नसलेले पठार दाखवतो. असे त्रिकोण उंचवट्याच्या माथ्यावर व ओघळीच्या तळाशी हटकून आढळतात, आणि तेथे सुट्या पातळ्या घेतल्यावाचून हा दोष जात नाही.

उदाहरणादाखल ३० मीटर लांब व २० मीटर रुंद असा भूखंड घेऊ, ज्याची पातळी लांबीच्या दिशेने १०१.५० मीटरांपासून १०० मीटरांपर्यंत सारखी उतरते. सपाटी १००.७५ वर धरल्यास वरच्या अर्ध्यात खोदाई ११२.५ घनमीटर आणि खालच्या अर्ध्यात भरावही तितकाच, म्हणजे सुमारे ४० ब्रास येतो. हाच हिशेब १० मीटरांच्या चौकटी पाडून व कोपऱ्यांची सरासरी घेऊन केला, तर शून्यरेषा ज्या चौकटींतून जाते त्यांतील खोदाई व भराव एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोन्ही आकडे १०० घनमीटरच निघतात. दोहोंतील वजाबाकी शून्यच राहत असल्याने नुसत्या ताळ्यावरून ही चूक उमगत नाही. त्या चौकटी शून्यरेषेवरच दुभंगून मोजाव्या लागतात.

सोलापुरास याहून मोठा फरक काळ्या मातीने पडतो. ती पाण्याने फुगते व उन्हाने आकसून भेगाळते, सबब जोत्याखालच्या भरावास ती सर्वथा अयोग्य होय. वरील भूखंडावर तिचा ३० सेंटीमीटरांचा थर असेल, तर प्रथम १८० घनमीटर माती काढून टाकावी लागते. त्यानंतर मुरमाची खोदाई अवघी ४०.५ घनमीटर उरते आणि भराव मात्र २२०.५ घनमीटरांवर जातो; कागदावर समतोल दिसलेल्या कामात १८० घनमीटर, म्हणजे सुमारे ६४ ब्रास मुरूम बाहेरून आणण्याची पाळी येते. शिवाय खोदलेला मुरूम सुटा असता फुगतो व दाबल्यावर पुन्हा बसतो, तेव्हा गाडीत भरलेला ब्रास व भरावात बसलेला ब्रास एक धरू नयेत.

रस्त्याची पातळी व पाण्याचा निचरा अनुकूल असल्यास सपाटी १००.४५ वर उतरवावी. तसे केल्याने मुरमाची खोदाई व भराव पुन्हा ११२.५ घनमीटरांवर समान होतात. म्हणून खोदाईचा ठेका देण्यापूर्वी भूखंडाच्या चारही कोपऱ्यांवर व मध्यभागी चाचणीचे खड्डे घेऊन काळ्या मातीची जाडी मोजावी, आणि प्रतिकृतीत मुरमाचा पृष्ठभाग स्वतंत्रपणे मांडावा.