मिरर न्यूरॉन: मूळ शोध काय होता आणि दावे कुठवर गेले?

समोरच्याला जांभई आली की आपल्यालाही येते. पडद्यावरच्या नायकाला मार बसला की प्रेक्षक अंग चोरतो. आईने जीभ बाहेर काढली की तान्हे बाळही काढते, असेही सांगितले जाते. या सगळ्याचे कारण म्हणून लोकप्रिय पुस्तकांत, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आणि समाजमाध्यमांवर बहुतेक वेळा एकच नाव पुढे येते, ते म्हणजे मिरर न्यूरॉन. आपल्या मेंदूत ‘आरशासारख्या’ पेशी असतात, त्यांच्यामुळे आपण दुसऱ्याचे अनुकरण करतो आणि दुसऱ्याचे दुःख आपल्याला जाणवते, असे हे थोडक्यात सांगणे असते. या पेशी खरोखरच सापडल्या आहेत. मात्र त्यांच्यावर लादलेल्या कामांपैकी बरीचशी त्या करतात, याचा पुरावा कच्चा आहे.

पार्मा येथील प्रयोग

इटलीतील पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांचे सहकारी मकाक जातीच्या माकडांवर संशोधन करत होते. हाताने वस्तू पकडताना मेंदू त्या हालचालीची आखणी कशी करतो, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्यासाठी मेंदूच्या पुढच्या बाजूला, हालचालींशी संबंधित असलेल्या ‘एफ-५’ नावाच्या भागात केसासारख्या बारीक तारा घालून एकेका पेशीचे विद्युत संकेत नोंदवले जात. माकडाने खाण्याचा तुकडा उचलला की यातील काही पेशी सक्रिय होत. त्यात नवल नव्हते. पण माकड स्वस्थ बसलेले असताना संशोधकाने तो तुकडा उचलला, तरी काही पेशी तशाच सक्रिय झाल्या.

हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘मिरर न्यूरॉन’ हे नाव १९९६ मध्ये रूढ झाले. त्या वर्षीच्या शोधनिबंधातील आकडे बघण्यासारखे आहेत. दोन माकडांच्या मेंदूंतील ५३२ पेशी तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या ९२ पेशींमध्ये हा गुण आढळला. स्वतः केलेली आणि पाहिलेली कृती तंतोतंत जुळावी लागते अशा पेशी त्या ९२ पैकी जेमतेम एक तृतीयांश होत्या. बहुतेक पेशींचे जुळणे सैल होते, म्हणजे एखादी पेशी माकडाने चिमटीने पकडताना सक्रिय होई, पण दुसऱ्याने चिमटीने पकडले किंवा मुठीने पकडले, तरी तिला चाले. शिवाय वस्तू नसताना नुसता पकडण्याचा अभिनय केला, तर या पेशी बहुधा गप्प राहत. ‘आरसा’ या शब्दाने जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते मुळातच जरा जास्त स्वच्छ आहे.

पकडण्यापासून संस्कृतीपर्यंत

या निष्कर्षावरून पार्मा गटाने एक कल्पना मांडली. दुसऱ्याची कृती पाहताना माकडाचा मेंदू तीच कृती आतल्या आत ‘करून पाहतो’ आणि त्यामुळे तिचा अर्थ त्याला कळतो, अशी ही कल्पना होती. तिला बळ देणारा एक प्रयोग २००१ मध्ये झाला. संशोधकाचा हात पडद्याआड जाताना दिसत होता, पण पकडण्याची क्रिया दिसत नव्हती. तरीही तपासलेल्या मिरर न्यूरॉनपैकी सुमारे निम्मे सक्रिय झाले, पण पडद्यामागे खाद्य आहे हे माकडाने आधी पाहिले असेल तरच. समर्थकांच्या मते पेशींना कृतीचा हेतू कळत होता. टीकाकार म्हणतात, तिथे खाद्य आहे हे माकडाला आधीच ठाऊक होते. म्हणजे समज दुसरीकडे तयार झाली आणि पेशी तिच्यामागून सक्रिय झाल्या, असाही अर्थ निघतो.

हा वाद प्रयोगशाळांपुरता राहिला असता. पण २००० मध्ये मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी भाकीत केले की, जीवशास्त्रासाठी डीएनएने जे केले, ते मानसशास्त्रासाठी मिरर न्यूरॉन करतील. पुढे म्हैसूर येथील एका व्याख्यानात त्यांनी या पेशींना मानवी संस्कृतीच्या घडणीशी जोडले आणि दुसऱ्याला झालेला स्पर्श पाहून सक्रिय होणाऱ्या पेशींना चक्क ‘गांधी न्यूरॉन’ म्हटले. नाव झकास होते, पण माकडाच्या पकडीपासून माणसाच्या करुणेपर्यंतचे अंतर नावाने ओलांडले जात नाही.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप अगदी साधा आहे. या पेशी अनुकरणासाठी असतील, तर मकाक माकडे अनुकरणात पटाईत असायला हवीत. प्रत्यक्षात प्रौढ मकाक क्वचितच दुसऱ्याचे पाहून नवी कृती शिकतात, आणि हे खुद्द रिझोलात्ती यांनीही मान्य केले आहे. म्हणजे ज्या प्राण्यात या पेशी सर्वांत खात्रीने दाखवल्या गेल्या, तोच नकला करण्यात कच्चा आहे.

दुसरा आक्षेप अमेरिकन संशोधक ग्रेगरी हिकॉक यांनी २००९ च्या शोधनिबंधात आणि पुढे पुस्तकात लावून धरला. कृती समजण्यासाठी ती स्वतः करता येणे खरेच आवश्यक आहे का? आपल्याला उडता येत नाही, पण घार झेप कशासाठी घेते हे कळते. मेंदूविकारात तर याची रीतसर परीक्षाच होते. मोबियस सिंड्रोम नावाच्या जन्मजात विकारात चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत. अशा माणसाला आयुष्यात कधी हसू किंवा कपाळावर आठी उमटवता आलेली नसते. दुसऱ्याचा भाव आपल्या चेहऱ्यावर उमटवूनच तो समजतो असे असेल, तर या माणसांना भाव ओळखता येऊ नयेत. २०१० मध्ये अशा ३७ जणांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून चाचणी घेतली गेली. ते इतरांच्या तुलनेत मागे पडले नाहीत.

तिसरी अडचण मोजण्याची आहे. निरोगी माणसाच्या मेंदूत तारा घालता येत नाहीत, त्यामुळे बहुतेक अभ्यास एफएमआरआय या तंत्राने होतात. ते रक्तप्रवाहातील बदल मोजते आणि त्याच्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात. कृती करताना आणि पाहताना एकच ठिपका उजळला, तरी आत दोन वेगळ्या पेशीसमूहांनी आळीपाळीने काम केलेले असू शकते. माणसाच्या एकेका पेशीची थेट नोंद २०१० मध्ये मिळाली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच तारा बसवल्या होत्या, अशा २१ रुग्णांची ती होती. त्यांत कृती करताना आणि पाहताना सक्रिय होणाऱ्या पेशी आढळल्या. पण त्या सापडलेल्या भागांत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसही होता, आणि तारा कुठे घालायच्या हे उपचाराच्या गरजेने ठरले होते. त्यामुळे माणसात अशा पेशी आहेत एवढे ठरले. त्या काय करतात, हे मात्र ठरले नाही.

बोटांचा उलटा सराव

या पेशी येतात कुठून, या प्रश्नावर ब्रिटनमधील कॅरोलिन कॅटमर, व्हिन्सेंट वॉल्श आणि सिसिलिया हेज यांनी २००७ मध्ये केलेला प्रयोग फार बोलका आहे. त्यात डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतील हालचालींच्या भागाला चालना दिली जाते आणि हाताच्या स्नायूत किती झटका उमटतो ते मोजले जाते. एरवी माणूस तर्जनी हलताना पाहत असेल, तर त्याच्या तर्जनीच्या स्नायूतला झटका वाढतो. करंगळी पाहत असेल, तर करंगळीचा वाढतो. हाच तो ‘आरसा’.

मग सहभागींपैकी एका गटाकडून उलटा सराव करून घेतला. पडद्यावर तर्जनी हलली की आपली करंगळी हलवायची, आणि करंगळी हलली की तर्जनी. सरावानंतर पुन्हा मोजणी झाली. या वेळी त्यांना फक्त पाहायचे होते, काहीही हलवायचे नव्हते. आता करंगळी पाहताना तर्जनीचा झटका वाढलेला दिसला. पडद्यावरच्या बोटाप्रमाणेच बोट हलवणाऱ्या गटात असे काही झाले नाही. थोड्याशा सरावाने आरसा उलटा झाला होता.

हेज यांच्या मते या पेशी अनुकरण किंवा समज यांसाठी उत्क्रांतीने खास घडवलेल्या नाहीत. बाळ आपला हात हलवते तेव्हा तोच हात त्याला दिसतो, मोठी माणसे बाळाची नक्कल करतात, टाळ्या वाजवताना सगळ्यांचे हात एकाच वेळी हलतात. ‘करणे’ आणि ‘दिसणे’ वारंवार एकत्र घडले की त्यांची जोडी जमते. हे मत सगळ्यांना मान्य नाही. पण उलट्या सरावाचा निकाल जन्मजात आरशाच्या कल्पनेत बसवणे अवघड जाते.

समानुभूती आणि ‘तुटलेला आरसा’

समानुभूतीच्या बाबतीत तर उडी आणखी लांब आहे. २००४ मध्ये तानिया सिंगर यांनी जोडप्यांवर केलेल्या अभ्यासात, जोडीदाराला वेदना होत आहे हे कळल्यावर पाहणाऱ्याच्या मेंदूतील इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग सक्रिय झाले. मिरर न्यूरॉनसाठी प्रसिद्ध असलेला, हालचालींशी संबंधित भाग हा नव्हे. सिंग्युलेट भागात वेदनेला असा दुहेरी प्रतिसाद देणाऱ्या पेशी २०१९ मध्ये उंदरांत आढळल्या. तो भाग औषधाने मंदावला की दुसऱ्या उंदराला झटका बसताना पाहून गोठून जाण्याचे त्यांचे वर्तन कमी झाले. पुरावा म्हणून हा चांगला आहे, कारण इथे पेशी नुसत्या पाहिल्या नाहीत, त्यांचे काम थांबवूनही पाहिले. पण उंदराचे गोठणे हा भीतीचा संसर्ग आहे. दुसऱ्याचे दुःख समजून घेणे, त्याची काळजी वाटणे आणि मदतीला जाणे हे त्याच्या पुढचे टप्पे आहेत.

अतिशयोक्तीची खरी झळ स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांना बसली. स्वमग्नतेचे मूळ मिरर न्यूरॉनच्या बिघाडात आहे, ही ‘तुटलेल्या आरशा’ची कल्पना २००५-०६ च्या सुमारास गाजली. तिच्यामागे मोजक्या मुलांवरचे अभ्यास होते. नंतर मात्र आधार ढासळत गेला. २०१० मध्ये इलान डिन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांना हाताच्या हालचाली करायला आणि पाहायला लावले, तेव्हा त्यांच्या मेंदूचे प्रतिसाद इतरांसारखेच निघाले. अँटोनिया हॅमिल्टन यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही या संपूर्ण यंत्रणेत बिघाड असल्याला फारसा आधार मिळाला नाही. अनेक स्वमग्न मुले सांगितल्यावर कृतीचे अनुकरण नीट करतात. त्यामुळे ‘मिरर न्यूरॉन जागे करण्याच्या’ नावाखाली कोणी उपचार विकत असेल, तर पालकांनी आधी विचारावे की मुलाच्या दैनंदिन जगण्यात त्या उपचाराने कोणता फरक पडल्याचे मोजले गेले आहे.

सध्या काय मानले जाते?

हेज आणि कॅटमर यांनी २०२२ मध्ये या विषयाचा पुन्हा हिशेब मांडला. त्यांच्या मते शरीराच्या हालचालींचे अनुकरण करण्यात या पेशींचा सहभाग असल्याला बरा पुरावा आहे. पाहिलेली पकड चिमटीची की मुठीची, असले बारीक भेद ओळखायलाही त्यांची मदत होत असावी. समोरच्याने ग्लास का उचलला, पाणी प्यायला, फेकून मारायला की नुसता बाजूला ठेवायला, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही. पार्मा गटातील संशोधकांना हा निष्कर्ष फार आखडता वाटतो. कृती ‘आतून’ कळणे हे नुसत्या ओळखण्यापेक्षा वेगळे असते, असे ते म्हणतात. हे ‘आतून कळणे’ कोणत्या चाचणीत मोजायचे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झालेले नाही.