केंद्रीय करांचे राज्यांमधील वाटप

केंद्र सरकार गोळा करत असलेल्या प्राप्तिकर, कंपनी कर, सीमाशुल्क, केंद्रीय वस्तू व सेवा कर अशा करांच्या निव्वळ उत्पन्नातील काही भाग संविधानाच्या अनुच्छेद 270 नुसार राज्यांना मिळतो. तो भाग किती असावा आणि राज्याराज्यांत कसा वाटावा, याची शिफारस अनुच्छेद 280 खाली नेमलेला वित्त आयोग करतो. येथे एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील 15व्या आयोगाचे 2021-26 या काळासाठीचे सूत्र घेतले आहे.

वाटप दोन टप्प्यांत होते. आधी विभाज्य निधीतील 41 टक्के रक्कम सर्व राज्यांची म्हणून बाजूला काढली जाते. मग ती सहा निकषांवर वाटली जाते. उत्पन्नातील अंतराला 45 टक्के भार आहे, 2011 ची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ यांना प्रत्येकी 15, लोकसंख्या-नियंत्रणातील कामगिरीला 12.5, वने व पर्यावरणाला 10 आणि करवसुलीच्या प्रयत्नांना 2.5.

सूत्राचा खरा कणा उत्पन्नातील अंतर हाच आहे. राज्याचे दरडोई उत्पन्न वरच्या क्रमांकावरील एका राज्यापेक्षा (15व्या आयोगाने हरियाणा धरले) जितके कमी, तितके त्याचे अंतर जास्त. हे अंतर लोकसंख्येने गुणले जाते. समजा, आधारभूत राज्याचे दरडोई उत्पन्न 2 लाख रुपये आहे. ‘अ’ राज्याचे 50 हजार, ‘ब’चे दीड लाख, आणि दोघांची लोकसंख्या सारखीच. मग अंतरे दीड लाख आणि 50 हजार येतात, म्हणून या निकषाखालील रकमेत ‘अ’ला ‘ब’च्या तिप्पट वाटा मिळतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या बिहारपेक्षा जास्त होती, तरी बिहारचा वाटा 10.058 टक्के आणि महाराष्ट्राचा 6.317 टक्के ठरला, त्यामागे मुख्यतः हेच गणित आहे.

जन्मदर लवकर खाली आणलेल्या राज्यांचा आक्षेप असा, की 1971 ऐवजी 2011 ची लोकसंख्या धरल्याने त्यांना यशाचीच शिक्षा होते. लोकसंख्या-नियंत्रणाचा निकष त्यासाठीच घातला गेला. मात्र त्याने पूर्ण भरपाई झाली नाही: 14व्या आयोगाच्या तुलनेत केरळचा वाटा 2.5 वरून 1.925 टक्क्यांवर आणि कर्नाटकचा 4.713 वरून 3.647 टक्क्यांवर आला.

41 टक्के हा आकडा एकटा वाचला तर दिशाभूल होते, कारण उपकर व अधिभार विभाज्य निधीत येतच नाहीत. केंद्राच्या 100 रुपये करवसुलीतून उपकर, अधिभार व वसुलीखर्चाचे 15 रुपये वजा झाले असे धरले, तर 85 चे 41 टक्के म्हणजे 34 रुपये 85 पैसेच राज्यांकडे जातात. त्यांतले महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 2 रुपये 20 पैसे येतात. म्हणून राज्यांचा खरा वाटा तपासताना भागाकार केंद्राच्या एकूण करवसुलीने करावा, विभाज्य निधीने नव्हे.