मॉर्फ केलेला फोटो आणि बनावट प्रोफाइल : आधी पुरावा जपा, मग मजकूर हटवा

तुमच्या नावाने कोणी बनावट प्रोफाइल उघडले, किंवा तुमचा चेहरा दुसऱ्याच्या अश्लील फोटोला जोडून तो पसरवला, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. तक्रार करण्यासाठी कोणतेही शुल्क नाही. घाईत अनेकजण आधी ते खाते ब्लॉक करतात किंवा ओळखीच्या सगळ्यांना रिपोर्ट करायला सांगतात. त्यामुळे खाते नाहीसे होते किंवा समोरचा माणूस सावध होऊन नाव बदलतो, आणि पोलिसांना दाखवायला हातात काहीच उरत नाही. म्हणून कामांचा क्रम महत्त्वाचा आहे.

एक उदाहरण

समजा तुम्ही मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या आहात आणि कामानिमित्त सुरतमध्ये राहता. गावाकडच्या नणंदेचा फोन येतो : इन्स्टाग्रामवर तुमच्या नावाचे खाते आहे, त्यावर तुमचा घाणेरडा फोटो टाकला आहे, आणि त्याच खात्यावरून नातेवाइकांना मेसेज जात आहेत. चेहरा तुमचाच आहे. तो बचत गटाच्या हळदीकुंकवाच्या फोटोतून कापून घेतला आहे.

पहिला अर्धा तास : काय जपायचे

नणंदेला तो फोटो पुढे पाठवू नका असे सांगा. तिच्याकडून फक्त लिंक मागवा. खाते उघडून तीन टिंबांवर किंवा शेअरच्या खुणेवर गेले की लिंक कॉपी करता येते. प्रोफाइलची लिंक घ्याच, पण ज्या पोस्टमध्ये फोटो आहे त्या पोस्टची लिंक वेगळी घ्या. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलची लिंक वापरकर्त्याच्या नावावर चालते. त्याने नाव बदलले की ती लिंक उघडत नाही. पोस्टच्या लिंकमध्ये मात्र तिचा स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे नाव बदलले तरी ती सहसा चालते.

त्यानंतर स्क्रीनशॉट घ्या. फोटो कापू नका, त्यावर खुणा करू नका. खात्याचे नाव, तारीख, वेळ, खालच्या प्रतिक्रिया आणि आलेले मेसेज पूर्ण दिसले पाहिजेत. खात्यावरच्या तीन टिंबांमध्ये About this account हा पर्याय दिसला, तर खाते कधी उघडले हे तिथे कळते, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर ती चॅट पुसू नका आणि पाठवणाऱ्याचा नंबर लिहून ठेवा. त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर स्क्रीनशॉट लगेच घ्या.

एक गोष्ट बहुतेकजण विसरतात : मूळ फोटो. हळदीकुंकवाचा खरा फोटो फोनमध्ये असेल तर तो तसाच ठेवा. फोटो बनावट आहे हे सर्वांत सहज त्यानेच दिसते. तो फोटो तुम्ही फक्त बचत गटाच्या ग्रुपवरच टाकला होता का, हेही आठवून लिहा. तसे असेल तर पोलिसांचा शोध त्या ग्रुपमधल्या लोकांपासून सुरू होऊ शकतो.

ज्या फोनवर हे सगळे आहे तो विकू नका, रीसेट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचा नमुना कायद्यातच आहे, तपास अधिकारी किंवा वकील तो भरून घेण्यास मदत करतील. स्क्रीनशॉटची प्रिंट झेरॉक्सच्या दुकानात काढू नका. फाइल त्या संगणकात राहते. पोलीस ठाण्यात फोनच दाखवा.

फोटो 18 वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा असेल तर मात्र अश्लील फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ नका आणि तो कोणालाही पाठवू नका. असा फोटो जवळ ठेवणे हाही गुन्हा ठरू शकतो. फक्त लिंक लिहून घ्या आणि 1098 किंवा पोलिसांशी संपर्क करा.

तक्रार कुठे करायची

cybercrime.gov.in या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांच्या भागात दोन पर्याय असतात. Report Anonymously मध्ये नाव द्यावे लागत नाही, पण पुढे काय झाले हे पाहता येत नाही. स्वतःच्या प्रकरणात Report & Track निवडा. त्यात मोबाइलवर ओटीपी येतो आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. फोटो अश्लील नसून फक्त नावाचे बनावट खाते असेल, तर इतर सायबर गुन्ह्यांच्या भागात नोंद करा. त्या खात्यावरून नातेवाइकांकडून पैसे उकळले असतील, तर त्याच क्षणी 1930 वर फोन करा.

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. ती संबंधित राज्याच्या पोलिसांकडे जाते. फोटो पसरत असेल किंवा धमकी येत असेल तर जवळच्या ठाण्यात जा. गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार घ्यावी लागते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. वरच्या उदाहरणात खाते चालवणारा धुळ्यात असो की आणखी कुठे, तुम्ही सुरतमध्येच तक्रार देऊ शकता. पाठलाग, चोरून चित्रण, विनयभंगाचे शब्द किंवा कृती अशा कलमांखाली महिलेची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, हे तुम्ही मागू शकता. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

ठाण्यात नकार मिळाला तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा. शहरात ते काम पोलीस उपायुक्तांकडे असू शकते. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मजकूर कसा हटवायचा

पुरावा जपून झाला की हटवण्याची विनंती लगेच करा, एफआयआरची वाट पाहू नका. नग्नता दाखवणारा, मॉर्फ केलेला किंवा दुसऱ्याच्या नावाने टाकलेला मजकूर पीडित व्यक्तीने तक्रार केल्यावर काढण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. तिच्या वतीने दुसरे कोणीही ही तक्रार करू शकते. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी त्यासाठी 24 तासांची मुदत दिली होती, 2026 च्या दुरुस्तीने ती आणखी कमी झाली आहे. अ‍ॅपमधले रिपोर्टचे बटण वापरा, आणि शिवाय कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिंकसह लेखी तक्रार पाठवा. वेळ मोजायला ती लेखी तक्रारच कामी येते. तुमचे इन्स्टाग्रामवर खाते नसले तरी बनावट खात्याविरुद्धचा अर्ज भरता येतो. त्यात ओळखपत्राचा फोटो मागतात.

मजकूर हटला की पुरावा संपला, अशी भीती बाळगू नका. त्याच नियमांप्रमाणे काढलेला मजकूर कंपनीने तपासासाठी 180 दिवस जपून ठेवायचा असतो. पोलिसांनी त्या मुदतीत मागणी केली पाहिजे, म्हणून पोलीस तक्रार महिनोन्महिने लांबवू नका. 180 दिवसांनंतर कंपनीकडे ती माहिती असेलच असे नाही.

कंपनीने नकार दिला तर उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे अपील करा. तोच फोटो पुन्हा वेगळ्या खात्यावर येत असेल आणि तुम्ही 18 वर्षांवरील असाल, तर stopncii.org वापरा. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो अडवतात. 18 वर्षांखालील मुलांसाठी takeitdown.ncmec.org ही अशीच सोय आहे. फोटो कापून किंवा बदलून टाकला तर ठसा जुळेलच असे नाही, त्यामुळे नवीन लिंक दिसली की तिचीही नोंद करून त्याच तक्रार क्रमांकाच्या संदर्भासह पोलिसांना कळवा.