ठरावसूचना (गृहनिर्माण संस्था)

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातून मंजूर-नामंजूर ठराव आणि मतमोजणी वेगळी काढून सभासदांसाठी फलकावर लावलेली किंवा घरोघर दिलेली सूचना. ती बहुधा सचिव तयार करतात. महाराष्ट्रात १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आणि संस्थेने स्वीकारलेले उपविधी हा तिचा आधार असतो.

इतिवृत्तात चर्चा, तक्रारी आणि निर्णय एकामागोमाग येतात. त्यामुळे आधी ठराव क्रमांक, सूचक व अनुमोदक असलेली वाक्ये शोधावीत. ‘लिफ्टबाबत चर्चा झाली’ हा निर्णय नव्हे. ‘तीन कोटेशन मागवून कमिटीने काम द्यावे’ हा निर्णय आहे, पण तो कमिटीला अधिकार देण्याचा. लिफ्ट बदलण्याचे काम कोणाला द्यायचे हे त्यातून ठरलेले नसते. सूचनेत नेमके तेवढेच यावे.

खरी चूक मतांच्या हिशेबात होते. समजा ६० सभासदांच्या संस्थेत ३८ जण हजर आहेत आणि उपविधी दुरुस्तीच्या ठरावावर बाजूने २३, विरोधात ११ मते पडली. ४ जण तटस्थ राहिले. आदर्श उपविधींनुसार अशा दुरुस्तीला हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. मतदान ३४ जणांनी केले, त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे २३ मते, म्हणून ठराव संमत. तटस्थांना धरून ३८ वर हिशेब केला तर २६ मते लागतील आणि तोच ठराव चुकून फेटाळलेला दिसेल. म्हणून सूचनेत हजेरी, बाजूची, विरोधातली आणि तटस्थ अशी चारही संख्या द्याव्यात. नुसते ‘बहुमताने मंजूर’ पुरेसे नाही. आणि एकाचाही विरोध नोंदलेला असेल तर ‘सर्वानुमते’ लिहूच नये. बाजूची, विरोधातली व तटस्थ मते मिळून हजेरीएवढी भरत नसतील, तर कोणी मध्येच उठून गेले का, की जोडप्यातील दोघांचेही मत मोजले गेले, हे हजेरीपटावरून आधी पाहावे. एका सदस्यत्वाला एकच मत असते.

संमत झालेली दुरुस्तीही निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे सूचनेत ‘संमत, अंमल नोंदणीनंतर’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर नव्या नियमाने आकारणी लगेच सुरू होते आणि वाद उपनिबंधकांकडे जातो.

थकबाकीदारांची किंवा विरोधात मत देणाऱ्यांची नावे या सूचनेत देऊ नयेत. इतिवृत्ताचा मसुदा अंतिम व्हायचा असेल तर तसा उल्लेख करून सूचना लावावी. आदर्श उपविधींत मसुद्यावर हरकती कळवण्यासाठी सभासदांना १५ दिवसांची मुदत आहे.